'बोंड अळी मारा' लिहिलं म्हणून पोस्ट उडाली

प्रश्न: कपाशीच्या फवारणीबद्दल इंग्रजी अक्षरांत लिहिलेली पोस्ट 'हिंसाचार' म्हणून काढली. माणसाकडून तपासून कशी घ्यायची?

भाऊ, तुमचं वाक्य `gulabi bond ali la aajach mara` असं होतं ना? त्यात `ali` सुटं पडलं. मशीनला ते बहुधा माणसाचं नाव वाटलं, आणि पुढे `mara`! देवनागरीत 'बोंडअळी' जोडून लिहिलं असतं, तर हा घोळ टळण्याची शक्यता जास्त होती.

आधी नोटिशीतलं अपील करा. मिनिटभरात 'निर्णय कायम' आलं, तर बहुतेक माणसानं पाहिलंच नाही. मग त्या ॲपच्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२१च्या आयटी नियमांनुसार त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर किंवा वेबसाइटवर द्यावाच लागतो, तक्रारीची पोचही २४ तासांत द्यावी लागते. मेलमध्ये मूळ वाक्य, तेच देवनागरीत, खाली इंग्रजी अर्थ आणि 'अळी म्हणजे कपाशीवरची कीड' एवढं लिहा. नोटिशीचा स्क्रीनशॉट जोडा. रागाचा निबंध नको, वाचणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही.

तिथंही नकार आला, तर उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत `gac.gov.in` वर सरकारी अपील समितीकडे जाता येतं. पोचेचा क्रमांक जपून ठेवा. फवारणीचे दिवस मात्र तोवर थांबत नाहीत, म्हणून तीच माहिती आज देवनागरीत पुन्हा टाका.