चारोळीची एकोळी

«आमचे लातूरला मिठाईचे दुकान आहे. या दिवाळीला पेढ्याच्या डब्यावर माझ्या मुलीने केलेली चारोळी छापायची आहे: "सजली रांगोळी, तेवते पणती / सुखाची तुमच्या होवो गणती / पेढ्यावर चारोळी, साजूक तूप / दिवाळी तुम्हाला लाभो खूप". पण लेबलावर जागा एकाच ओळीची आहे. यमक न मोडता हे एका ओळीत बसवता येईल का? आणि अशा एका ओळीच्या कवितेला 'एकोळी' म्हटले तर चालेल का?»

प्रथम एका समजुतीचा निकाल लावणे भाग आहे, कारण दिवाळी पहाटेच्या प्रत्येक कार्यक्रमात ती ऐकून कान किटले आहेत. मिठाईवरच्या चारोळीसारखी चिमुकली आणि चवदार म्हणून या कवितेला चारोळी म्हणतात, असे निवेदक मोठ्या खुशीत सांगतात आणि श्रोते टाळ्या देतात. कवितेची चारोळी ही सरळ 'चार ओळी' यांवरून आलेली आहे आणि बासुंदीतल्या चारोळीत ना चार हा आकडा आहे, ना ओळ. 'चार' हे झाडाचे नाव आहे, संस्कृतातही ते 'चार' असेच आहे, आणि त्या झाडाच्या फळातल्या बीचा गर म्हणजे चारोळी. तिच्या शेपटाकडे पाहायचे असेल तर शेजारी निंबोळी ठेवून पाहावे. निंबाची ती निंबोळी आणि चाराची ती चारोळी. माझा कयास असा की, दोन्हींच्या शेवटी 'गुलिका', म्हणजे लहान गोळी, आहे आणि तिच्यातला 'ग' प्राकृतात झिजून गेला आहे. हा कयास कोणाला पटो वा न पटो, त्या बीचा ओळीशी काही संबंध नाही, एवढे मात्र निंबोळीवरून दिसतेच.

खरी मौज आहे ती 'ओळ' या शब्दात. तिचे नेहमीचे अर्थ सांगत बसत नाही. हेमचंद्राने १२व्या शतकात गुजरातेत प्राकृताचे व्याकरण लिहिले, त्यात 'ओदाल्यां पङ्क्तौ' असे एक चिमुकले सूत्र आहे. संस्कृत 'आली' या शब्दाचा अर्थ रांग असा असेल तर त्यातल्या 'आ'चा 'ओ' होतो आणि 'ओली' हे रूप मिळते, असे ते सांगते. 'आली' म्हणजे मैत्रीण असा अर्थ असेल तर मात्र हा बदल होत नाही. त्या 'ओली'तला 'ल' मराठीत 'ळ' झाला आणि आपली ओळ तयार झाली. आता 'दिवाळी' पाहावी. ती दीप आणि आली यांच्या समासातून आली, म्हणजे तिच्या पोटातही तीच रांग आहे, फक्त तिथे 'आ' तसाच टिकला. तेव्हा दिवाळीच्या डब्यावर एक ओळ छापणे म्हणजे त्या शब्दातली धाकटी बहीण थोरलीच्या घरी पाठवणे होय.

यावर पंडित मंडळी लगेच सांगतात की, दिवाळी ही 'दीपावली'पासून आणि रांगोळी ही 'रंगावली'पासून आली. 'आवली'चा संकोच झाला की काम संपले. मग एकाच 'आवली'पासून एकीकडे 'आळी' आणि दुसरीकडे 'ओळी' कशी झाली, याचे उत्तर त्यांनी द्यावे. रंगावलीची रांगोळी होत असेल तर दीपावलीची 'दिवोळी' व्हायला हवी होती, आणि दिवोळी नावाचा सण माझ्या तरी ऐकिवात नाही. मला वाटते, दिवाळी जुन्या समासातून घडलेली आली, तर रांगोळीत 'रंग' या शब्दाला आधीच तयार झालेली 'ओळ' मागाहून जोडली गेली. कोशांत याहून वेगळे लिहिलेले असेल तर ते कोशकारांनी पुन्हा तपासून पाहावे. जाता जाता एक सांगतो: संस्कृत रूप छापायचे असेल तर ते 'दीपावली' असे दीर्घ 'दी' घालून छापावे. 'दिवाळी' तद्भव असल्यामुळे तिचा 'दि' ऱ्हस्व आहे, म्हणून बाजारभर लागलेले 'शुभ दिपावली'चे फलक शुद्ध ठरत नाहीत.

रांगोळीकडे वळलो ते उगाच नाही, कारण आपल्या डब्याचे उत्तर तिच्यातच आहे. चार ओळींची एक करताना लोक सहसा पहिली ओळ उचलतात आणि बाकीच्या तीन सोडून देतात. त्यामुळे 'पणती' हा शब्द 'गणती'ची वाट पाहत लटकत राहतो आणि मोठ्याने वाचताना शेवटी आवाज खाली न येता वरच राहतो. जोडीदार छाटला गेला आहे हे ओळखण्याची खूण तीच. यमकाला दोन टोके लागतात. ओळ एकच असेल तर ही दोन्ही टोके तिच्या आतच हवीत, एक मधल्या विसाव्याशी आणि दुसरे शेवटी. हा घाट आपल्या मुलुखात नवा नाही. वेळ अमावास्येला शेतात आंबील शिंपडताना लातूर-धाराशिवकडे 'ओलगे ओलगे, सालम पोलगे' असा पुकारा होतो (उच्चार गावागणिक थोडा बदलतो). त्यात सहा अक्षरे, विसावा, पुन्हा सहा अक्षरे अशी मांडणी आहे आणि दोन्ही टोकांना 'लगे' आहे. गुराखी पोरे म्हणतात ते 'दिन दिन दिवाळी, गाई म्हशी ओवाळी' हेही बोटांवर मोजून पाहावे. दोन्हीकडे सात-सात अक्षरे भरतात. यात लघु-गुरूचा हिशेब नसतो, नुसती अक्षरे मोजायची असतात, आणि जोडाक्षर एकच धरायचे असते, म्हणून 'म्हशी'ची अक्षरे दोनच.

आता आपल्या कन्येची चारोळी पाहू. तिला नाउमेद करण्याचा हेतू नाही, पण ओळींच्या शेवटची दोन्ही यमके निकामी आहेत. 'सुखाची गणती होवो' म्हणजे सुख मोजता येईल इतके थोडके असो, असा अर्थ होतो. तिला म्हणायचे होते अगणित, आणि पणतीच्या ओढीने ती नेमकी उलट बोलून गेली. 'दिवाळी खूप लाभो' हे वाक्य कोणी बोलताना मी ऐकलेले नाही. सुख लाभते, दिवाळी येते आणि साजरी होते. इथला 'खूप' केवळ तुपासाठी आणलेला आहे. तूप आणि खूप ही जोडी ठेवून एक ओळ बनवता येईल, पण ती दुकानाची जाहिरात होईल, सणाची ओळ होणार नाही.

मात्र त्याच कवितेत तिसरे यमक न बोलावता येऊन बसले आहे आणि ते बहुधा तिच्याही लक्षात आलेले नाही. पहिल्या ओळीच्या मध्यावर रांगोळी आहे, तिसरीच्या मध्यावर चारोळी आहे. त्यांना मध्यावरून उचलून टोकांना नेले की काम होते. 'पेढ्यावर चारोळी' यात पे, ढ्या, व, र, चा, रो, ळी अशी सात अक्षरे आधीच तयार आहेत. 'सजली रांगोळी' यात मात्र सहाच भरतात, एक कमी पडते. 'अंगणात रांगोळी' म्हटले तर सात होतात, पण आपले निम्मे गिऱ्हाईक आता फ्लॅटमध्ये राहते आणि त्यांच्या नशिबी अंगण नाही. दार मात्र प्रत्येकाला असते, म्हणून मी असे सुचवतो:

दारापुढे रांगोळी, पेढ्यावर चारोळी

दोन्ही बाजूंना सात-सात अक्षरे आहेत, म्हणजे हे माप गुराख्यांच्या दिवाळीचेच झाले. 'पुढे' आणि 'पेढ्या' यांतले प आणि ढ एकमेकांना साद घालतात, ते आपसूक मिळाले. क्रियापदाची गरज नाही, मराठीत अशी वाक्ये त्याच्यावाचून पुरी होतात. पणती, तूप आणि शुभेच्छा गळाल्या याचे वाईट वाटून घेऊ नये. दारात रांगोळी म्हटल्यावर सण डोळ्यांपुढे येतो आणि दिवाळीचे नाव न घेतल्यामुळे उरलेली लेबले गुढीपाडव्यालाही लावता येतील. अट एकच: त्या डब्यातल्या पेढ्यांवर चारोळी खरोखर लावलेली असली पाहिजे आणि घटकपदार्थांच्या यादीतही तिचे नाव हवे. काजूकतलीच्या डब्यावर हीच ओळ लावली तर पहिलेच गिऱ्हाईक चारोळी शोधू लागेल.

छापखान्यातून नमुना आला की तीन जागा पाहाव्यात. 'ढ्या' जोडूनच उमटला पाहिजे. साध्या टंकात त्याचा पाय मोडून 'ढ्‌या' असा होतो आणि ओळ अडखळते. दोन्ही ठिकाणी 'ळ' आहे ना, तेही पाहावे, कारण हिंदी लेबले जुळवण्याची सवय असलेला ऑपरेटर बेलाशक 'रंगोली' आणि 'चारोली' करून ठेवतो, आणि यमक शाबूत राहिल्याने ती चूक कोणाच्या नजरेस येत नाही. लेबल अरुंद असून ओळ मोडावीच लागली तर ती स्वल्पविरामाशीच मोडावी. 'दारापुढे रांगोळी, पेढ्यावर' वरती आणि 'चारोळी' एकटी खाली, असे झाले तर कन्येच्या कवितेतून वेचून आणलेले यमक पुन्हा मध्यावर जाऊन लपेल.

राहिला प्रश्न नावाचा. 'एकोळी' चालेल. 'एक'मधला शेवटचा अ आपण उच्चारतच नाही, म्हणून क थेट 'ओ'ला चिकटतो, चारोळीतही तसेच घडले आहे. संस्कृत संधीचा नियम लावून 'एकौळी' करा, असे सांगणारा कोणी भेटला तर त्याने आधी 'चारौळी' म्हणून दाखवावे. काही जण 'घोषवाक्य' हा शब्द सुचवतील, पण घोष मोठ्याने करायचा असतो आणि डबा कोणी ओरडून उघडत नाही. 'ब्रीदवाक्य' हा शब्द बिरुदावरून आला आहे, तो संस्थेला शोभतो आणि वर्षानुवर्षे बदलत नाही. आपली ओळ पुढच्या दिवाळीला बदलेलही. आपण एकोळीच म्हणावे, फक्त ते नाव लेबलावर छापू नये. तिथे ती ओळ, वजन, तारीख आणि परवान्याचा १४ आकडी क्रमांक एवढ्यानेच जागा भरेल.