‘अभेद्य अवस्था’ चालेल का?

प्रश्न: डीएफए या अवस्था-यंत्राच्या लघुकरणावरच्या, म्हणजे त्याच्या अवस्था कमी करण्यावरच्या, एका टिपणात ‘इनडिस्टिंग्विशेबल स्टेट्स’ना ‘अभेद्य अवस्था’ म्हटलंय. हे बरोबर आहे का? सरळ ‘समान अवस्था’ म्हटलं तर काय बिघडतं?

‘अभेद्य’ व्याकरणात बसतो, पण कानाला तो तटबंदीचा वाटतो. ‘भिद्’ धातूत फोडणं आणि फरक करणं हे दोन्ही अर्थ आहेत, मराठीत मात्र ‘अभेद्य’च्या वाट्याला फक्त पहिला आला. शिवाय ‘अभेद्य अवस्था’ म्हटलं की हा एकट्या अवस्थेचा गुण वाटतो. इथे बोलणं नेहमी जोडीबद्दल असतं: ही अवस्था त्या अवस्थेपासून वेगळी ठरते की नाही?

एडवर्ड मूर यांनी १९५६ साली ही कल्पना मांडली ती बाहेरून बघणाऱ्याच्या नजरेतून. यंत्र उघडून बघायचं नाही. चिन्हं द्यायची आणि उत्तर बघायचं. कुठल्याही चिन्हमालेने दोन अवस्थांची उत्तरं वेगळी आली नाहीत, तर त्या वेगळ्या ठरत नाहीत. मी म्हणूनच ‘वेगळ्या न ठरणाऱ्या अवस्था’ म्हणतो. लांबलचक आहे, पण ‘ठरणे’ हे क्रियापद इथे फार कामाचं आहे. कसं ते तक्त्यात दिसेल.

लागोपाठ तीन १ कुठेही आले की ‘हो’ म्हणणारं हे यंत्र घ्या. सुरुवात क, स्वीकार-अवस्था फक्त घ:

```
      ०   १
क     च   ख
ख     क   ग
ग     च   घ
घ     घ   घ
च     क   ख
```

क आणि च यांचे बाण बघा. ० आल्यावर क जाते च-कडे, च जाते क-कडे. बाण सारखे नाहीत, म्हणून ‘समान’ म्हणणं खोटं. पण त्या एकमेकींकडेच जातात आणि १ आल्यावर दोघीही ख-वर पोचतात, म्हणजे बाहेरून फरक कधीच कळणार नाही.

आता जोड्यांचा वेगळा तक्ता मांडू: पाच अवस्थांच्या दहा जोड्या, म्हणून त्यात दहा घरं. जोडीतली एक अवस्था स्वीकाराची आणि दुसरी नसेल, तर फुली मारायची. इथे घ असलेल्या चार जोड्यांवर ती लगेच बसते. उरलेल्या सहांपैकी प्रत्येक जोडीला ० आणि १ देऊन बघायचं. ती फुली पडलेल्या जोडीवर पोचली, तर हिच्यावरही फुली.

पहिल्या फेरीत क-ख पासून निघू. ही जोडी १ घेऊन ख-ग वर जाते आणि ख-ग अजून कोरी आहे, म्हणून हिला सोडून पुढे. क-ग जाते ख-घ वर: फुली. क-च कोरी राहते. ख-ग जाते ग-घ वर: फुली. ख-च जाते ग-ख वर, तिच्यावर आत्ताच फुली पडली: हिच्यावरही फुली. ग-च वरही फुली.

फेरी संपली, दोन घरं कोरी: क-ख आणि क-च. पुष्कळजण इथेच थांबून क, ख आणि च एकत्र करतात. चूक तक्त्यातच दिसते: क ही ख-पासून वेगळी नाही, च-पासूनही नाही, मग ख-च वर फुली कशी? वेगळं न ठरणं हे नातं साखळीसारखं पुढे जायला हवं. जिथे ते तुटतं, तिथे काम अर्धवट राहिलंय असं समजा. उलट, साखळी तुटली नाही म्हणून काम पुरं झालं असं मात्र मानू नका. एक आख्खी फेरी नवी फुली न पडता गेली, तरच थांबायचं.

दुसऱ्या फेरीत क-ख वर फुली पडते, कारण ख-ग वर आता आहे. पडताळा सोपा: ११ द्या. ख-पासून घ गाठता येते, क-पासून ग-पर्यंतच मजल जाते. तिसऱ्या फेरीत काहीच बदलत नाही. क आणि च एक होतात, यंत्र चार अवस्थांचं उरतं.

आता शब्दाकडे. पहिल्या फेरीनंतर क-ख ‘वेगळी ठरलेली नाही’, शेवटी क-च ‘वेगळी ठरूच शकत नाही’. कोरं घर दोन्ही वेळा सारखंच दिसतं, अर्थ मात्र निराळा. ‘अभेद्य’ हा भेद गिळून टाकतो (शब्दाचा विनोद हेतुतः नाही). तक्ता पुरा झाल्यावर उरलेल्या जोडीला ‘समतुल्य’ म्हणायला माझी हरकत नाही, तो रुळलेला शब्द आहे. फेऱ्या चालू असताना मात्र ‘कोरी जोडी’ एवढंच म्हणावं.

जाता जाता: सुरुवातीपासून जिथे पोचताच येत नाही अशा अवस्था तक्ता मांडण्याआधी काढून टाकायच्या. त्यांना ‘अगम्य’ म्हणतात. अगम्य म्हणजे न कळणारं असा अर्थही डोक्यात येतोच, पण इथे ‘गम्’ म्हणजे जाणं, आणि तो अर्थ वाचकाला लगेच सापडतो.