ईजीआरचं सोनं हातात मिळतं का?

*प्रश्न : बीएसईवर ईजीआर, म्हणजे सोन्याच्या इलेक्ट्रॉनिक पावत्या, घेतल्या तर खरंखुरं सोनं हातात मिळतं का, की हेही नुसतं कागदी सोनंच? मिळत असेल तर कसं? मी जळगावचा आहे, इथे डिलिव्हरी मिळेल का?*

मिळतं. मी घेतलंय, म्हणून सांगतो. जळगावात मात्र मिळत नाही, ते नंतर.

माझं निम्मं आयुष्य सराफाच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात गेलं, त्यामुळे लगडी, टंच, घट हे शब्द मला कोणी शिकवायची गरज नाही. आमच्या दाजींना मात्र वाटतं की गरज आहे. मोठ्या बहिणीचे यजमान, अमळनेरकडचे, शेती भरपूर आणि मतं त्याहून जास्त. एका आखाजीला पुरणपोळी खाता खाता मी सांगितलं की भाचीच्या लग्नासाठी मी डीमॅटमध्ये सोनं जमवतोय. दाजींनी सगळ्यांसमोर निकाल लावला, "हाऊ कागद शे, सोनं नही." मग स्वतःची सराफाकडची मासिक हप्त्याची योजना कशी चांगली, हे तासभर ऐकवलं. त्या दिवशी ठरवलं की हे सोनं मी काढूनच दाखवणार.

दाजींचा घोळ असा होता की त्यांच्या लेखी मोबाइलवर दिसणारं सगळं सोनं एकच. अ‍ॅपवर दहा-वीस रुपयांचं जे 'डिजिटल गोल्ड' विकतात त्याच्यावर सेबीचं नियंत्रणच नाही, आणि 8 नोव्हेंबर 2025 ला सेबीने जाहीर पत्रक काढून तसा इशाराही दिला. त्याच पत्रकात नियमनाखालचे पर्याय म्हणून गोल्ड ईटीएफ, कमोडिटी वायदे आणि ईजीआर यांची नावं आहेत. ईजीआरला केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये रोखे म्हणून अधिसूचित केलं, तिजोरी सांभाळणाऱ्यांसाठी सेबीने वेगळे नियम काढले, आणि 24 ऑक्टोबर 2022 ला दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांत बीएसईवर ते सुरू झाले.

यात आधी सोनं येतं आणि पावती नंतर जन्मते. आयातदार किंवा मान्यताप्राप्त रिफायनरी ठरलेल्या दर्जाची लगड सेबी-नोंदणीकृत व्हॉल्ट मॅनेजरच्या तिजोरीत जमा करते. तो वजन, शुद्धता, कागदपत्रं तपासून नोंद करतो, आणि त्या नोंदीवर डीमॅट खाती सांभाळणारी डिपॉझिटरी तेवढ्याच ईजीआर डीमॅटमध्ये तयार करते. त्या मग शेअरसारख्या विकल्या-घेतल्या जातात. घरातल्या जुन्या बांगड्या नेऊन थेट ईजीआर होत नाहीत, हे दाजींनाही सांगितलं होतं. तिजोरीतलं सोनं आणि डिपॉझिटरीतल्या ईजीआर यांचा मेळ सतत घालावा लागतो. व्हॉल्ट मॅनेजर व्हायला किमान 50 कोटींची नक्त मालमत्ता लागते, म्हणजे गल्लीतल्या कुणीही उठून तिजोरी उघडली असं होत नाही.

आता काढण्याचं. माझ्याकडे 999 शुद्धतेच्या 37 ग्रॅमच्या ईजीआर होत्या. बीएसईवर सौदा एका ग्रॅमच्या पटीत होतो, पण डिलिव्हरी 10 किंवा 100 ग्रॅमच्या पटीत. म्हणजे 37 पैकी हातात येणार 30, आणि 7 ग्रॅम डीमॅटमध्येच राहणार. ते बाजारात विकायचे किंवा आणखी 3 घेऊन दहा करायचे. 995 आणि 999 हे वेगळे करार आहेत, थोडं हे आणि थोडं ते मिसळून एक लगड मागता येत नाही. 995 च्या 10 ग्रॅममध्ये शुद्ध सोनं 9.95 ग्रॅम असतं, म्हणून 999 चा भाव 1,00,000 असेल तर 995 चा साधारण 99,600 बसला पाहिजे. यापेक्षा बराच वेगळा दिसला तर घाई करू नका.

अर्ज डीमॅट जिथे आहे तिथेच करायचा. आमच्या शाखेतल्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या घरातली तिजोरी मागतोय. त्याने आधी म्युच्युअल फंडाचा फॉर्म पुढे केला, मग साहेबांना विचारलं, साहेबांनी मुंबईला विचारलं. शेवटी अर्ज गेला. तो गेला की त्या 30 ग्रॅमच्या ईजीआर डीमॅटमध्ये गोठवल्या जातात, विकता येत नाहीत. इथून विनंती डिपॉझिटरीमार्फत व्हॉल्ट मॅनेजरकडे जाते. तो साठवणुकीचे आणि डिलिव्हरीचे पैसे सांगतो, ते आणि जीएसटी भरल्यावर सोनं देतो. सोनं दिल्याची नोंद झाली की तेवढ्या ईजीआर कायमच्या रद्द होतात, नाहीतर एकच सोनं दोनदा विकलं जाईल. म्हणूनच ईजीआर गोठल्याचं डीमॅटच्या विवरणात दिसल्याशिवाय तिकडे निघू नका. न गोठता कोणी "या, घेऊन जा" म्हणत असेल तर काहीतरी चुकलेलं आहे.

जमा कुठेही केलेलं असो, काढताना दुसऱ्या ठिकाणच्या किंवा दुसऱ्याच व्हॉल्ट मॅनेजरच्या तिजोरीतून मागता येईल अशी सेबीची व्यवस्था आहे. करार तोच असला की सोनं एकमेकांच्या जागी चालतं. गोदामात ठेवलेल्या ज्वारीचं तुमचंच पोतं परत मिळत नाही, त्याच प्रतीचं मिळतं, तसंच हे. पण त्यासाठी त्या गावात तिजोरी तर हवी. त्या मोठ्या शहरांत आहेत, खानदेशात नाहीत. देशभरात ज्याला सोन्याचं गाव म्हणून ओळखतात त्या जळगावला नाही, यावर मी वेगळं रडू शकतो, पण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. मी मुंबईची तिजोरी निवडली, कारण रेल्वेने थेट जाता येतं.

तिथे ओळखपत्रं आणि अर्जाचा क्रमांक जुळवून सीलबंद पाकिटातल्या 10 ग्रॅमच्या तीन लगडी दिल्या. प्रत्येकीवर रिफायनरीची खूण, वजन, शुद्धता आणि अनुक्रमांक. हे सगळं पाकिटावर आणि बिलावर जुळतं का ते तिथेच, काउंटर सोडायच्या आधी पाहायचं. पाकीट फोडायचं नाही. फोडलं की सराफाच्या दृष्टीने ती कुणाचीही लगड होते आणि तो म्हणतो, "वितळवून बघू." वितळवताना घट कुणाच्या नावावर पडते हे मला चांगलं ठाऊक आहे, मीच लिहायचो ती.

खर्च बघा, सोपा आकडा धरतो. ग्रॅमला 10,000 धरला तर 30 ग्रॅमचे 3,00,000. एक्स्चेंजवरच्या भावात जीएसटी नसतो, ईजीआरच्या खरेदी-विक्रीवरही लागत नाही. तो लागतो सोनं बाहेर काढताना, 3 टक्के, म्हणजे 9,000. त्यावर साठवणूक, डिलिव्हरी आणि तुमचं भाडं. प्राप्तिकराची मात्र भीती नको. 2023 च्या वित्त कायद्याने ईजीआरचं सोन्यात किंवा सोन्याचं ईजीआरमध्ये रूपांतर हे हस्तांतरण धरलं जात नाही. उद्या लगड विकलीत तर खरेदी किंमत मूळ ईजीआरचीच धरतात आणि मुदतही तिथूनच मोजतात. म्हणून ईजीआर खरेदीचा कागद लगडीच्या बिलासोबत ठेवा.

आता दाजी. लगडी पाहिल्यावर बोलती बंद व्हायला हवी होती, पण तो माणूस म्हणाला, "मग आता हार करायला सराफाकडेच जाणार ना? मग माझी योजना काय वाईट?" खरा मुद्दा इथेच आहे आणि तो दाजींना अजूनही पटलेला नाही. लगड देऊन त्या बदल्यात तयार हार घेतला, तर सराफ हाराच्या पूर्ण किमतीवर पुन्हा जीएसटी लावतो आणि मग लगडीची किंमत वजा करतो. तिजोरीत भरलेले 9,000 गेले, वर तेवढ्याच सोन्यावर दुसऱ्यांदा 9,000. त्याऐवजी तीच लगड देऊन "याचाच हार घडवा, मजुरी घ्या" असं ठरवलं तर जीएसटी मजुरीवर लागतो, सोन्यावर नाही. मी तेच केलं. एका पेढीवर नकार मिळाला, कारण त्यांना तयार माल खपवायचा होता, दुसरीकडे हो म्हणाले. कच्ची चिठ्ठी घेऊ नका, लगडींचे अनुक्रमांक टाकलेली पक्की पावती घ्या. दाजींच्या हप्त्याच्या योजनेत मात्र शेवटी त्याच दुकानातून, त्यांच्याच घडणावळीने दागिना घ्यावा लागतो, आणि मध्ये दुकानच बंद पडलं तर दाजी रांगेतले एक धनको. माझं सोनं तिजोरीवाल्याच्या धंद्याचा माल नव्हतं, तो फक्त राखणदार होता. हे मी आखाजीला सांगितलं होतं, दिवाळीला सांगितलं, इथेही लिहून ठेवतोय.

आता राहिलेल्या गोष्टी. तुमच्या ब्रोकरकडे ईजीआर चालू आहेत का ते आधी विचारा, अनेकांकडे नसतात. सौदे फार विरळ असतात, त्यामुळे मागणारा आणि विकणारा यांच्या भावात मोठं अंतर पडतं. बाजारभावाने ऑर्डर टाकाल तर अर्धा फायदा तिथेच गेला, म्हणून स्वतः ठरवलेला मर्यादा भावच टाका. आणि ती ऑर्डर दिवसभर तशीच पडून राहिली तर नवल करू नका. 10-20 ग्रॅमसाठी जळगावहून मुंबईचा उद्योग पैशाच्या हिशेबात परवडत नाही, सरळ ओळखीच्या पेढीवर हॉलमार्कचं नाणं घ्या. भाव वाढला की विकायचा असाच विचार असेल तर डिलिव्हरीच्या भानगडीत पडूच नका, डीमॅटमध्ये राहू द्या, ईजीआरला मुदत नसते. मी काढलं कारण मला दागिना करायचा होता. आणि दाजींसाठी.

उरलेले 7 ग्रॅम मी अजून विकलेले नाहीत.