पासबुकातलं व्याज आणि माझा हिशोब, आठ रुपयांचा फरक

प्रश्न: मी सांगलीचा. ३० जूनला खात्यात १८,००० होते. १० जुलैला हळदीच्या पैशाचा ६०,००० चा चेक भरला, ३ ऑगस्टला एटीएममधून नव्हे, काउंटरवरून २५,००० काढले, १० सप्टेंबरला ४०,००० रोख भरले आणि त्याच दिवशी ४५,००० काढले. दर अडीच टक्के. माझ्या हिशोबानं तिमाहीचं व्याज ३४६ येतं, पासबुकात ३३८ आहे. आठ रुपये कुठं गेले?

उत्तर: दादा, तुमची पद्धत बरोबर आहे, चुकलीय ती एक तारीख. आधी फरकालाच उलटं फिरवून बघा, मी बँकेत असताना कुणी व्याजाची तक्रार घेऊन आलं की पहिल्यांदा हेच करायचो. आठ गुणिले ३६,५०० भागिले अडीच, म्हणजे साधारण १,१७,०००; ३६,५०० म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस गुणिले टक्क्याचे शंभर. आठ हा आकडा पूर्ण रुपयात केलेला असतो त्यामुळं एवढं तंतोतंत जुळणार नाही, पण कुठलीतरी रक्कम गुणिले काही दिवस मिळून १ लाख १५-२५ हजाराच्या आसपास व्हायला पाहिजे. तुमच्या रकमांत ६०,००० चे दोन दिवस म्हणजे १,२०,०००. तसे ४०,००० चे तीन दिवसही तेवढेच होतात, पण ते रोख भरलेले, रोख त्याच दिवशी जमा होते. २५,००० चे पाच दिवसही जवळ येतात, पण काउंटरवरून काढलेल्या पैशाची तारीख पाच दिवस सरकत नाही. राहिला चेक. तुम्ही स्लिपवरची १० तारीख धरलीय, पासबुक उघडून बघा, त्या चेकची एंट्री १२ जुलैची असणार. बचत खात्यावर व्याज चेक वटून पैसे जमा झाल्यापासून धरतात, चेक पेटीत टाकल्यापासून नाही.

आता १२ तारीख धरून मांडूया. रोजचं व्याज हे त्या दिवशी रात्री काय शिल्लक राहिली त्यावर असतं, म्हणून पैसे आले तो दिवस नव्या शिलकेत मोजायचा आणि काढले तो दिवसही नव्याच, म्हणजे कमी झालेल्या शिलकेत. १ ते ११ जुलै ११ दिवस १८,०००, गुणाकार १,९८,०००. १२ जुलै ते २ ऑगस्ट २२ दिवस ७८,०००, गुणाकार १७,१६,०००. ३ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर ३८ दिवस ५३,०००, तो २०,१४,०००. १० ते ३० सप्टेंबर २१ दिवस ४८,०००, तो १०,०८,०००. १० सप्टेंबरला दुपारी तुमच्या खात्यात ९३,००० होते पण त्याचा काही उपयोग नाही, रात्रीचे ४८,००० तेवढे मोजायचे. दिवसांची बेरीज ९२ आली का हे आधी बघायचं, जुलै-सप्टेंबर तिमाही ९२ चीच असते, इथं चुकलं की पुढं सगळंच चुकतं. गुणाकारांची बेरीज ४९,३६,०००, गुणिले अडीच भागिले ३६,५००, उत्तर ३३८ रुपये ८ पैसे. पन्नास पैशांच्या खाली म्हणून ३३८. बँक बरोबर आहे.

इकडं साताऱ्याकडं अजून लोक "दहा तारखेच्या आत पैसे भरा" म्हणतात. तो नियम १ एप्रिल २०१० पर्यंतचा, तेव्हा महिन्याच्या १० तारखेपासून शेवटपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरून व्याज द्यायचे. त्या तारखेपासून रोजच्या शिलकेवर हिशोब आहे, दहाव्याला महत्त्व उरलेलं नाही.

तरी बँक कायम बरोबर असते असं मी म्हणणार नाही. आमच्या आईच्या खात्यावरनं एकदा ८०,००० दोनदा वजा झाले, सोळा दिवसांनी परत आले, पण परत जमा करताना तारीख त्या दिवसाची टाकली, मूळ दिवसाची नाही. आताच्या अडीच टक्क्यानं मोजलं तर तसे ८८ रुपये जातात. पासबुकात रक्कम आली गेली सगळं बरोबर दिसतं, व्याज तेवढं कमी. अशा वेळी स्टेटमेंट मागायचं, त्यात व्हॅल्यू डेटचा रकाना असेल तर तोच बघायचा, व्याज त्या तारखेनं चालतं, आणि अर्जात सरळ लिहायचं की जमा मूळ तारखेनं धरून फरकाचं व्याज द्या. आम्ही लिहिलं, मिळालं.

तुमच्या चेकला दोनच दिवस लागले. आठवडाभर लागला असता तर बँकेच्या चेक वसुलीच्या धोरणात किती दिवसांनंतर भरपाई देतात ते शाखेत विचारायला हरकत नव्हती.

तिमाहीत मधेच दर बदलला असेल तर त्या दिवसाला हिशोबाचे दोन तुकडे करायचे. काही बँका व्याज ३० तारखेला न टाकता २५ च्या आसपास टाकतात, मग मागच्या वेळी कुठल्या तारखेपर्यंतचं दिलं तिथनं पुढं मोजायचं. तुमची पुढची तिमाही १ ऑक्टोबरला ४८,३३८ पासून सुरू करा, ४८,००० पासून नको.