मैत्रिणीच्या आनंदाला उत्तर देताना

प्रिय मुली,

मैत्रिणीला द्यायच्या उत्तराचे तुझे तिन्ही मसुदे वाचले. परीक्षा एकच, तिची निवड झाली, तुझं नाव यादीत नाही, आणि तिच्या मेसेजला कालपासून उत्तर नाही. पोटात कळ आली म्हणून स्वतःला मत्सरी ठरवू नकोस. तिच्यासाठी बरं वाटणं आणि स्वतःसाठी रडू येणं, दोन्ही खरं आहे. आज तिला फक्त पहिलं लिहायचं.

पहिल्या मसुद्यात तू म्हणतेस, 'मी तर नाचतेय!' नाचत नाहीयेस ना? मग काप ते. तुझं लिहिणं ती वर्षानुवर्षं वाचतेय, लगेच ओळखेल. 'तू होणारच होतीस' हेही नको. त्यात तिची धाकधूकच पुसली जाते. आणि 'अभिनंदन, माझं मेलं नशीबच फुटकं' हे वाचल्यावर ती बिचारी पुढे काय लिहील? तुझी समजूतच काढत बसेल. उत्तर पाठवण्याआधी एवढंच बघ, की ते वाचून तिला स्वतःच्या बातमीबद्दल आणखी बोलावंसं वाटेल का?

म्हणून सांगतो, प्रश्न विचार. आपल्याला किती आनंद झालाय हे मोजून सांगायला गेलं की खोटं शिरतं. प्रश्नात ते शिरत नाही. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी 2004 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. चांगली बातमी ऐकून जो रस घेतो, पुढचं विचारतो, त्याच्याशी नातं अधिक घट्ट असल्याचं त्यांना दिसलं. नुसतं 'छान' म्हणून गप्प बसणाऱ्यांच्या बाबतीत तसं दिसलं नाही.

मी असं लिहीन:

'अभिनंदन! मुलाखतीच्या आदल्या रात्री तू किती घाबरली होतीस, तेच आठवलं. निकाल कळला तेव्हा जवळ कोण होतं? पहिला फोन कुणाला केलास? माझा निकाल तुला कळला असेलच. त्यावर आत्ता बोलवत नाहीये, रविवारी फोन करते.'

यात खोटं अक्षर नाही. तुझी ओळ आहे, पण शेवटी आणि छोटी. तिला तुझा निकाल ठाऊक नसता, तर ती ओळही आज नको म्हटलं असतं. तिने आपणहून 'तू कशी आहेस?' विचारलं, तर मात्र 'बरी नाहीये' म्हण. 'मस्त' म्हणालीस तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस!

मला लोक कोरडा म्हणतात, ठाऊक आहे. लग्न असो, बढती असो, फुलांची चित्रं मी पाठवत नाही, प्रश्न विचारतो. बदलणारही नाही. तरी बातमी सांगायला माणसं माझ्याकडे येतातच, याचा काय तो अर्थ तू लाव.

आणि मसुद्यातलं ते 'मनापासून' खोड. खरंच मनापासून असेल तर प्रश्नातून कळतं. तिने पेढे खायला बोलावलं आणि जाववणार नसेल, तर आजच तसं कळव. आयत्या वेळी डोकेदुखी काढू नकोस.

आता चौथा मसुदा मला पाठवू नकोस, तिला पाठव. दुपारच्या आत. तू गप्प आहेस याचा अर्थ ती एव्हाना लावू लागली असेल.

तुझा,
काका