क्लॉ ग्रिपमध्ये डावं फायर बटण मधूनच दबत नाही

प्रश्न: बीजीएमआय चार बोटांनी खेळतो, वरचं डावं फायर बटण मधूनच लागत नाही, सेन्सिटिव्हिटी वाढवू का?

सेन्सिटिव्हिटीला हात लावू नकोस, त्याने फक्त बोट सरकवल्यावर कॅमेरा किती फिरतो ते बदलतं, टॅप लवकर लागत नाही. मला हा प्रकार पाम रिजेक्शनचा वाटतो, फोन कडेचा टच तळहाताचा समजून सोडून देतो. आधी खात्री कर, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Pointer location चालू कर आणि गेममध्ये तिथेच वीस-पंचवीस वेळा टॅप कर. वरच्या पट्टीत P: 1/1 असं बोटांचं मोजमाप दिसतं, टॅप करूनही आकडा हलला नाही तर टच फोननेच गिळला. मग गेम मोडमध्ये कडेचा मिसटच एरिया कमीत कमी कर, तो ऑप्शनच नसेल तर बटण बोटभर आत घे, माझं तेवढ्यानेच सुटलं. (आकडा हलतोय पण गोळी नाही, तर बोट बटणाच्या बाहेर पडतंय, बटणाची साइज वाढव.)

टच सॅम्पलिंग 120 वरून 240 हर्ट्झ केलं तर दोन नोंदींमधलं अंतर 8.3 चं 4.2 मिलिसेकंद होतं, पण 60 एफपीएसला एक फ्रेमच 16.7 ची, म्हणून आधी फ्रेम रेट वाढव. आणि घामट बोटं पुस रे!