तारेचा रोध काढताना k एक की दोन?

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत पंपाला नवी तार टाकायची आहे. जुनी तांब्याची तार ५० मीटर लांब, २ मिमी व्यासाची, रोध ०.२७ ओहम. रोध लांबीच्या समचलनात आणि व्यासाच्या वर्गाच्या व्यस्तचलनात असतो. मग ८० मीटर, २.५ मिमीच्या तांब्याच्या तारेचा रोध किती? दोन चलनं, म्हणून चलनाचे स्थिरांक k पण दोन घ्यायचे का?

k एकच. दोन वेगळे k घेतले तर माहिती एका तारेची आणि अज्ञातं दोन, गाडी तिथेच अडते. दोन्ही चलनं एकाच अपूर्णांकात बसतात. समचलनातली राशी अंशात, व्यस्तचलनातली छेदात:

R = kL/d²

आता जुनी तार टाका. ०.२७ = k × ५०/४, म्हणून k = ०.२७ × ४/५० = ०.०२१६.

नवी तार: R = ०.०२१६ × ८०/६.२५ ≈ ०.२८ ओहम. लांबी १.६ पट झाली, पण छेदही जवळपास तेवढाच, १.५६ पट वाढला, म्हणून रोध जेमतेम वाढला. d चा वर्ग करायचा राहिला तर उत्तर ०.३५ च्या आसपास येतं. चूक नेमकी तिथेच होते.

k ला एककही असतं: ओहम·मिमी²/मीटर. म्हणून शेवटपर्यंत व्यास मिमीत आणि लांबी मीटरमध्येच ठेवा. शिवाय हा k फक्त तांब्याचा, तोही साधारण त्याच तापमानाला. ॲल्युमिनियमची तार घेतलीत तर k नव्याने काढावा लागेल.

पडताळा हवा असेल तर k = ४ρ/π, इथे ρ म्हणजे धातूची रोधकता, k च्याच एककात. तांब्यासाठी ρ सुमारे ०.०१७२ घेतला की k ०.०२१९ येतो, म्हणजे तुमचं मोजमाप ठीकच आहे.